पोळ्याचा घास आणि बैलाचे पोट

श्रावणातील अमावास्या जवळ आली म्हणजे विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील खेड्यांतून एक निराळीच गडबड दिसू लागते. मृगाच्या सरींपासून सुरू झालेली पेरणी, तीमागून आलेली कोळपणी व डवरणी ही कामे उरकलेली असतात. पिके गुडघ्यापर्यंत वा कमरेपर्यंत आलेली असल्याने आता त्यांत बैल घालता येत नाहीत. रब्बीच्या मशागतीस अद्याप अवकाश असतो. बांधावर हिरवे गवत माजलेले असते. वर्षातील अत्यंत कष्टाचा हंगाम संपवून बैल दावणीला उभा राहतो, आणि नेमक्या याच वेळी पोळा येतो. सणाची ही तिथी शेतीच्या कामाच्या क्रमाशी जुळलेली आहे. म्हणूनच जेथे हंगामाचा क्रम निराळा, तेथे सणाचा दिवसही निराळा आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत ज्येष्ठ वा आषाढ महिन्यात बेंदूर होतो, तर पुणे जिल्ह्यातील कित्येक गावांत भाद्रपदातील अमावास्येला भादवी पोळा भरतो.

या सणाचे तीन भाग आहेत. पहिल्या दिवशी खांदेमळणी, दुसऱ्या दिवशी सजावट व मिरवणूक, आणि शेवटी पूजा व पुरणपोळीचा घास. यांपैकी पहिल्या दोन भागांत बैलाच्या अंगाची जी सेवा होते, ती योग्य रीतीने झाल्यास बैलास वर्षभर सुख देते. तिसरा भाग मात्र, म्हणजे घास, हाच अलीकडे बैलास बाधू लागला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात खाणे टाकलेले, रवंथ न करणारे बैल येतात. त्यांपैकी काही वाचतात, काही वाचत नाहीत. असे का घडते, आणि सणाचे पावित्र्य यत्किंचितही न उणावता ते कसे टाळता येईल, याचा विचार येथे क्रमाक्रमाने केला आहे.

खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना नदीवर वा ओढ्यावर नेऊन स्वच्छ धुतात. सायंकाळी घरी आणल्यावर त्यांचा खांदा कोमट पाण्याने शेकतात आणि त्यावर तूप किंवा लोणी व हळद चोळतात. विदर्भात यास खांदशेकणी म्हणतात. तेथे पळसाची पाने कोमट पाण्यात बुडवून त्यांनी खांदा शेकण्याची चाल आहे. त्याच वेळी बैलास दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात.

हा विधी करणारा हात बैलाच्या मानेवरून सावकाश फिरतो. वर्षातून एकदा का होईना, धन्याचे लक्ष जुवाखालच्या त्या चार बोटे जागेकडे लागते. यासाठीच या संध्याकाळचा उपयोग खांद्याच्या तपासणीसाठी करून घ्यावा. दोन्ही तळहात मानेच्या वरच्या भागावर ठेवून हळूहळू दाबीत जावे. सूज मऊ व गरम लागली आणि बैलाने अंग चोरले, तर ती ताजी सूज समजावी. अशा सुजेवर पहिले एकदोन दिवस थंड पाण्याची पट्टी ठेवावी. शेक त्यानंतरच द्यावा, कारण ताज्या सुजेला लगेच शेकल्यास ती वाढते. गाठ टणक असून दुखत नसेल, तर ते जुने आवाळू असण्याचा संभव असतो व ते डॉक्टरांना दाखविणेच योग्य ठरते. कातडी फुटून जखम झालेली असेल तर तीवर तूपहळद चोळू नये. जखम स्वच्छ धुऊन, माशी बसणार नाही असे औषध डॉक्टरांकडून घेऊन लावावे.

खांदा सुजण्याचे कारण बहुधा बैलात नसते, जुवात असते. म्हणून खांदेमळणी झाल्यावर कंदिलाच्या वा दिव्याच्या उजेडात जूही खाली घेऊन पाहावे. ज्या ठिकाणी ते मानेवर टेकते त्या ठिकाणी खाच, गाठ वा उभे राहिलेले कूस असल्यास रंधा मारून व काचेने घासून ती जागा गुळगुळीत करावी. शिवळ एकीकडे झिजली असेल तर बदलावी. जोडीतील एक बैल उंच व दुसरा बुटका असेल, तर जुवाचा भार बुटक्याच्या खांद्यावर तिरका पडतो. हंगामात पावसाने भिजलेल्या मानेवर जू ठेवून काम घेतले असेल, तर कातडी मऊ पडून लवकर सोलवटते. ही कारणे दूर न करता वर्षातून एक दिवस लोणी लावले, तर त्या लोण्याचा उपयोग दोन दिवसांपुरताच.

शिंगे, वेसण आणि साज

पोळ्याच्या दिवशी सकाळी शिंगे साळून ती गुळगुळीत करतात व रंगवितात. त्यांना हिंगूळ किंवा रंग लावून वर बेगड चिकटवितात, टोकांस पितळी शेंब्या बसवितात. कपाळावर बाशिंग, गळ्यात घुंगुरमाळा व कवड्यांच्या माळा, पायांत तोडे, पाठीवर नक्षीची झूल, अंगावर गेरूचे ठिपके, नवी वेसण, नवी म्होरकी आणि नवा कासरा असा सगळा साज चढतो. एखाद्या वर्षी ऐपत नसली, तरी निदान वेसण व कासरा तरी नवा घालावा असा शेतकऱ्याचा आग्रह असतो.

यात तीन गोष्टींकडे लक्ष असावे. पहिली गोष्ट शिंगांची. शिंगाचे बाहेरचे कवच निर्जीव असले, तरी आतील गाभा हाडाचा व जिवंत असून त्यात रक्त खेळते. चाकूने वा काचेने खोल साळल्यास कवच पातळ पडते, त्याला चिरा जातात. केवळ वरचा खरखरीतपणा जाईल एवढेच साळावे. शिंगे हाताशी आलीच आहेत तर दोन्ही शिंगांवर बोटाने टिचकी मारून आवाज ताडून पाहावा. एका शिंगाचा आवाज बद्द येत असेल, ते बुडाशी हलत वा एका बाजूस कलत असेल, बैल ते शिंग झाडावर घासून डोके हलवीत असेल, किंवा त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येत असेल, तर शिंगाच्या कर्करोगाची शंका घ्यावी. हा रोग आपल्याकडील बैलांत विशेष आढळतो व वेळीच शिंग काढल्यास बैल वाचू शकतो. अशा शिंगावर रंग चढवून दोष झाकू नये.

दुसरी गोष्ट रंगाची. लाकडास वा लोखंडास लावावयाचा तेलरंग शिंगांस लावण्याची पद्धत पडली आहे. अशा काही रंगांत शिसे असते आणि बैल एकमेकांस चाटतात, तेव्हा ते पोटात जाते. गेरू, हळद, चुना यांसारखे साधे रंग अधिक चांगले. अंगावर ठिपके उठवितानाही डोळे, नाकपुड्या व तोंड यांपासून रंग दूर ठेवावा.

तिसरी गोष्ट वेसणीची. नवी वेसण ओवताना नाकाचे जुने भोक दुखावते, आणि पावसाळी हवेत त्यात माश्या अंडी घालतात. मऊ सुताची वेसण चांगली. नायलॉनची दोरी कापते. वेसण बदलल्यानंतर चारपाच दिवस नाकपुडी रोज पाहावी. दुर्गंधी आली वा बैल नाक सारखे शिंकरू लागला, तर जखमेत किडे पडले असे समजून उपचार करावा. मिरवणूक संपताच साज उतरवून ठेवावा हेही महत्त्वाचे आहे. बेगड, कृत्रिम फुलांच्या माळा, फुगे व बाशिंग बांधावयाची बारीक तार रात्री दावणीत गळून पडली, तर ती चाऱ्यातून बैलाच्या पोटात जाते. प्लास्टिक पोटात साठून राहते, आणि तार जठराचा पडदा भेदून थेट हृदयापर्यंत पोहोचू शकते.

तोरणाखाली

दुपार कलल्यावर गावाच्या वेशीजवळ आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात व त्याखाली गावातील जोड्या ओळीने उभ्या करतात. वाजंत्री वाजतात, विदर्भात झडत्या म्हणण्याची चढाओढ लागते. मानाच्या बैलाची पूजा होऊन तोरण तुटले म्हणजे पोळा फुटला असे म्हणतात. मग जोड्या मारुतीच्या देवळास वळसा घालून घरोघर निघतात. दारी आलेल्या बैलांचे पाय धुऊन, कुंकू लावून, ओवाळून घरची गृहिणी पुरणपोळीचा घास देते आणि बैल हाकणाऱ्याच्या हातावर यथाशक्ति बोजारा ठेवते.

एके काळी तोरणाखाली सर्व गावची गुरे जमणे हेच भूषण होते. परंतु साथीच्या काळात हाच जमाव धोक्याचा ठरतो. २०२२ व २०२३ या वर्षी लंपी चर्मरोगाच्या साथीमुळे अनेक जिल्ह्यांत पोळा आपापल्या घरीच साजरा करण्याची वेळ आली. तो रोग डास, माश्या व गोचिडांमुळे पसरतो, आणि पोळ्याच्या दिवसांत या सर्वांचा सुकाळ असतो. ज्या बैलास ताप, अंगावर गाठी, तोंडातून लाळ वा पायांत लंगडेपणा असेल, त्याची पूजा घरीच करावी, त्यास तोरणाखाली आणू नये. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पोळ्यापूर्वी निदान महिनाभर आधी गावातील लसीकरण झाले आहे की नाही याची खात्री करून घ्यावी, कारण लस टोचल्यानंतर शरीरात प्रतिकारशक्ती येण्यास काही आठवडे लागतात.

घासाचा हिशेब

आता मुख्य विषयाकडे वळावयाचे. पूर्वी बैल पुरणपोळी खात नव्हते काय, आणि तेव्हा त्यांस बाधा कशी होत नव्हती, असा प्रश्न अनुभवी शेतकरी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बैलांच्या संख्येत सापडते.

तीस घरांच्या एका वस्तीचे उदाहरण घेऊ. पन्नाससाठ वर्षांपूर्वी अशा वस्तीत वीसपंचवीस जोड्या असणे नवलाचे नव्हते. प्रत्येक घर आपल्या जोडीस दोनचार पोळ्या देई, शेजारची एखादी जोडी दारी आली तर तिला एकेक घास मिळे. बैल दिवसभरात चारपाच पोळ्यांपलीकडे जात नसे. पुढे नांगर व वखर ट्रॅक्टरकडे गेले आणि जोड्या कमी होत गेल्या. २०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत देशातील नर गोवंशाची संख्या आधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा बरीच घटलेली आढळली. आता त्याच तीस घरांत तीन जोड्या उरल्या आहेत असे समजू. घरे तीसच राहिली, प्रत्येक घरची श्रद्धाही तीच राहिली, परंतु तो सर्व घास सहा बैलांच्या वाट्यास येऊ लागला.

प्रत्येक घराने प्रत्येक बैलास केवळ एक पोळी दिली, असे धरले तरी बैलागणिक तीस पोळ्या होतात. तूप लावलेली एक पोळी सव्वाशे ग्रॅमची धरल्यास हा भार पावणेचार किलो भरतो. घरी सकाळी दिलेल्या गव्हाच्या वा ज्वारीच्या घुगऱ्या एक किलो आणि वर गूळ, असे मिळून सुमारे पाच किलो पिष्टमय व गोड खाद्य तीनचार तासांत बैलाच्या पोटात जाते. याच बैलास एरवी दिवसाकाठी एक किलो पेंड किंवा भरडा मिळत असतो, तोही हंगाम संपल्यावर पुष्कळ घरी कमी केलेला असतो. शिवाय मिरवणुकीच्या गडबडीत त्या दिवशी सकाळची वैरण बहुधा राहून जाते. म्हणजे रिकाम्या पोटी, नेहमीच्या पाचपट, आणि तेही सवय नसलेले अन्न, अशी ही स्थिती होते. दोष पोळीत नाही, प्रमाणात आहे.

पोटात काय घडते

बैलाच्या चार कप्प्यांच्या पोटातील पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. त्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात व तेच कडबा आणि गवत कुजवून बैलास पचनीय करून देतात. बैल रवंथ करतो तेव्हा पुष्कळ लाळ सुटते. ती लाळ सोड्यासारखी अल्कधर्मी असल्यामुळे पोटातील आम्ल मारते व या जीवांस मानवेल अशी स्थिती राखते.

कडबा सावकाश कुजतो. मैदा, कणीक, डाळ व गूळ मात्र झपाट्याने आंबतात. एकाएकी असे अन्न फार आले म्हणजे निराळ्याच जातीचे जीव वाढून दह्यातील आम्लासारखे तीव्र आम्ल निर्माण करतात. त्या आम्लाने कडबा पचविणारे जीव मरतात आणि कोठीपोटाची हालचाल मंदावते. हालचाल मंदावली की रवंथ थांबतो, रवंथ थांबला की लाळ येत नाही, आणि लाळ न आल्याने आम्ल आणखी वाढते. पोटातील हा आंबट द्रव रक्तातील पाणी आपल्याकडे ओढून घेतो. त्यामुळे पोट पाण्याने डबडबते आणि शरीर मात्र कोरडे पडते. आम्ल रक्तात उतरले म्हणजे बैल झोकांड्या खाऊन खाली बसतो. यासच पशुवैद्य कोठीपोटातील आम्लता म्हणतात.

लक्षणे कशी ओळखावीत

ही लक्षणे घास दिल्याबरोबर दिसत नाहीत. बहुधा बारा ते छत्तीस तासांत ती उमटतात, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी बैलास कामास जुंपीत नाहीत. दावणीला मान खाली घालून गप्प उभा असलेला बैल विसावा घेत आहे असाच सर्वांचा समज होतो, आणि उपचाराचा मोलाचा वेळ निघून जातो. म्हणून पोळ्याच्या रात्री निजण्यापूर्वी एकदा व दुसऱ्या दिवशी पहाटे एकदा गोठ्यात जाऊन बैल रवंथ करीत आहे की नाही हे पाहावे. निरोगी बैल दिवसरात्र मिळून सहा ते आठ तास रवंथ करतो, एक घास पन्नासएक वेळा चावून गिळतो व दुसरा वर आणतो. बसलेला बैल बराच वेळ तोंड हलवीत नसेल, तर ती पहिली खूण होय.

दुसरी खूण डाव्या कुशीत सापडते. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांमध्ये जो खळगा असतो, त्यास भकाळी म्हणतात. तेथे मूठ दाबून दोन मिनिटे स्थिर धरावी. निरोगी बैलाचे कोठीपोट या वेळात दोनतीन वेळा मुठीस वर उचलते. मूठ मुळीच उचलली गेली नाही, कूस कणकेच्या गोळ्यासारखी दबली किंवा आत पाणी डचमळल्यासारखे वाटले, तर आम्लता झाली असे समजावे. पुढे बैल दात खातो, त्याचे शेण पातळ, करड्या रंगाचे व आंबूस वासाचे होते, डोळे खोल जातात, चाल अडखळते. बैल खाली बसून मान कुशीवर टाकू लागला, तर प्रकृती अत्यंत गंभीर झाली असे जाणावे.

पोटफुगी ही याहून निराळी. तीत डावी कूस वर येऊन नगाऱ्यासारखी ताणते, टिचकी मारल्यास पोकळ आवाज येतो, बैल तोंड उघडून श्वास घेतो व वारंवार उठबस करतो. तीत काही तासांतच, क्वचित त्याहूनही लवकर, मृत्यू ओढवू शकतो.

डॉक्टर येईपर्यंत काय करावे

प्रथम उरलेल्या पोळ्या, घुगऱ्या व भरडा पुढून काढून घ्यावा व फक्त वाळलेला कडबा वा गवत ठेवावे. ताबडतोब जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. शासनाचा १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक याच कामासाठी आहे. कळविताना बैलाने किती पोळ्या, कोणत्या वेळी खाल्ल्या आणि रवंथ केव्हापासून बंद आहे, हे न लपविता सांगावे. सणाच्या घासाने बैल आजारी पडला हे सांगण्यास कित्येकजण संकोचतात व डॉक्टरांचा त्यामुळे घोटाळा होतो.

बैल उभा असून शुद्धीवर असेल व नीट गिळत असेल, तर डॉक्टर येईपर्यंत शंभर ग्रॅमच्या आसपास खाण्याचा सोडा लिटरभर कोमट पाण्यात विरघळवून थोडाथोडा पाजता येतो. हे पाजताना बैलाची मान फार उंच करू नये, जीभ ओढून धरू नये. खोकला येताच थांबावे, नाही तर औषध फुप्फुसात जाऊन नवीनच आजार उद्भवतो. बसलेल्या वा मान टाकलेल्या बैलास तोंडाने काहीही पाजू नये. पोट फुगले असेल तर बैलाचे पुढचे पाय उंचावर येतील असे त्यास उभे करावे व हळूहळू चालवावे. कुशीत सुरी खुपसण्याचा प्रयोग कोणी सांगितला तरी करू नये. वायू काढण्याची सळई व ती घालण्याची जागा हे डॉक्टरांचे काम आहे.

सोड्याने थोडी उतरलेली आम्लता म्हणजे आजार गेला असे नव्हे. शरीरातील पाणी भरून काढण्यास शिरेतून सलाईन द्यावे लागते. अधिक बिघडलेल्या बैलाच्या पोटातील आंबलेले अन्न बाहेर काढावे लागते. बचावलेल्या बैलाच्या खुरांत पुढे काही दिवसांनी दुखणे उठून तो लंगडू लागतो. म्हणून आठवडाभर त्याच्याकडून काम घेऊ नये.

घास द्यावा कसा

पोळ्याच्या दिवशी बैलास पुरणपोळी देऊच नये, असे सांगणे म्हणजे सणाचा अर्थच न कळणे होय. वर्षभर ज्याने धान्य पिकविले त्यास त्या धान्याचा पहिला घास मिळावा, ही भावना रास्तच आहे. तो घास कसा द्यावा, एवढाच प्रश्न आहे.

पोळ्याच्या दिवशी सकाळी, साज चढविण्यापूर्वी, बैलास नेहमीइतका कडबा पोटभर घालावा व पाणी दाखवावे. भरल्या पोटावर थोडी पोळी बाधत नाही. त्या दिवशीचा पेंड वा भरडा कमी करावा आणि सर्व घरांचे मिळून एका बैलास दोन, फार तर तीन पोळ्या, असे मान ठरवावे. पोळी अखंड न देता तिचे तुकडे करून कडब्याच्या कुट्टीत कालवून द्याव्यात. अखंड वा गुंडाळलेली पोळी घशात अडकण्याचा संभव असतो.

घरोघर मिळणाऱ्या घासाचे काय, हा खरा अडचणीचा भाग. गृहिणीने श्रद्धेने पुढे केलेली पोळी नाकारणे हाकणाऱ्यास जड जाते. यावर सोपा उपाय म्हणजे जोडीबरोबर एक झाकणाची टोपली ठेवणे. प्रत्येक दारी पोळीचा सुपारीएवढा तुकडा बैलाच्या मुखी लावावा, बाकीची पोळी टोपलीत घ्यावी. दारी आलेल्या देवास दाखविलेला नैवेद्य देव सगळा खात नाही व त्यात कोणास कमीपणाही वाटत नाही, तोच हा प्रकार. तीस दारांचे तीस तुकडे मिळून दोन पोळ्यांच्या आतच राहतात. टोपलीतील पोळ्या त्याच रात्री घरी व गड्यामाणसांत वाटून द्याव्यात. पावसाळी हवेत त्यांस लवकर बुरशी येते, म्हणून शिळ्या पोळ्या दुसऱ्या दिवशी एकदम गुरांपुढे टाकू नयेत.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने हा हिशेब खांदेमळणीच्या संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर मांडावा. त्या दिवशी बैल असलेले सर्वजण भेटतात. गावात किती घरे, किती जोड्या व प्रत्येकी किती पोळ्या, एवढे गणित तेथेच सर्वांदेखत केले, तर अधिक उपदेशाची गरज उरत नाही. त्याचबरोबर गृहिणींपर्यंतही ते पोहोचले पाहिजे, कारण घास त्यांच्याच हातून दिला जातो.

शहरातील पोळा

ज्या घरी बैल नाही, तेथेही पोळा होतोच. कुंभाराकडून मातीच्या बैलांची जोडी आणून, ती पाटावर धान्याच्या राशीशेजारी मांडून, हळदकुंकू व फुले वाहून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवितात. पुण्यामुंबईकडे राहावयास गेलेल्या शेतकरी कुटुंबांत ही प्रथा टिकून आहे. पोळ्याच्या आधी चार दिवस बाजारात हे बैल रंगवून विक्रीस येतात. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लहान मुले चाकांचे लाकडी बैल सजवून ओढीत नेतात, घरोघर ओवाळून घेतात व खाऊ वा पैसे मिळवितात. नागपूर शहरात त्याच दिवशी काळ्या व पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. ज्यांनी कधी बैल जुंपला नाही अशा मुलांस बैलाची ओळख होते ती या लाकडी बैलातूनच.

मातीचा वा लाकडाचा बैल नैवेद्याने आजारी पडत नाही. परंतु अलीकडे शहरांच्या कडेच्या वसाहतींतून सजविलेली खरी जोडी दारोदार फिरविण्याची पद्धत वाढली आहे. भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी आपली जोडी घेऊन येतो. शहरातील माणसांस ती पाहून आनंद होतो, मुले हात लावतात, आणि घरोघरच्या पोळ्या बैलांपुढे येतात. येथे घरे तीस नसून कित्येक गल्ल्या असतात व जोडी एकच असते. सांगितलेला हिशेब येथे आणखी बिघडतो. पोळीशिवाय केळी, पेढे, बिस्किटे, शिजलेला भात अशा वस्तूही पुढे केल्या जातात, आणि कधी कधी त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीसह. शिवाय डांबरी रस्त्यावर दिवसभर चालून बैलाचे खूर दुखावतात व त्यास पाणी मिळत नाही.

अशा वेळी शहरातील कुटुंबांनी बैलास ओवाळून पोळीचा लहानसा तुकडाच मुखी द्यावा आणि उरलेली पोळी जोडीच्या धन्यास बांधून द्यावी. बैलाला काही अधिक द्यावेसे वाटल्यास हिरव्या चाऱ्याची एक पेंढी वा कडब्याचे मोल द्यावे. चार घरांनी मिळून बादलीभर स्वच्छ पाणी दाराशी ठेवले, तर ते त्या दिवशी बैलास पोळीहून अधिक हवे असते. गावाकडील नातेवाइकांकडे सणास जाणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट ही या सणाची खरी परीक्षा होय. साज उतरलेला असतो, शेंब्या व घुंगुरमाळा पेटीत गेलेल्या असतात, अंगावर गेरूचे ठिपके मात्र राहिलेले असतात. त्या वेळी शेतकऱ्याने गोठ्यात जाऊन डाव्या भकाळीवर मूठ ठेवावी. मूठ आतून उचलली गेली, बैल डोळे अर्धवट मिटून रवंथ करीत असला, दावणीतला कडबा रात्रीतून संपलेला असला, म्हणजे पोळा नीट पार पडला.